रिव्ह्यूअरला ‘नाही’ कसं लिहायचं: एका मेजर रिव्हिजनचं मुद्देसूद उत्तर

*प्रश्न: आमचा पेपर ‘मेजर रिव्हिजन’ होऊन परत आलाय. १६ शाळांतल्या १५ ते १९ वयाच्या ४८० मुली, बोटातून रक्त घेऊन हिमोक्यू २०१+ वर हिमोग्लोबिन (२०२३). जेवणाबरोबर चहा घेणाऱ्या २१० पैकी १२६ मुलींना रक्तक्षय, न घेणाऱ्या २७० पैकी १०८ जणींना. आम्ही प्रिव्हॅलन्स रेशो दिलाय. जंतनाशकाच्या गोळीशी संबंध मिळाला नाही. नमुना ठरवताना डिझाइन इफेक्ट १.८ धरला होता. रिव्ह्यूअर १: ‘शाळानिहाय गट विश्लेषणात धरलेले नाहीत.’ रिव्ह्यूअर २: ‘ऑड्स रेशो हीच प्रमाणित पद्धत आहे, बदला. जंतनाशकाच्या निष्कर्षासाठी पोस्ट-हॉक पॉवर द्या. बोटाचं रक्त ग्राह्य नाही. सोबतचे पाच लेख उद्धृत करा.’ गाईड सर म्हणतात, वाद नको, सगळं मान्य करून टाक. मला ते पटत नाहीये. उद्धट न वाटता उत्तर कसं लिहू?*

रिव्ह्यूअर १ चा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. तो आधी हाती घ्या. ते सौजन्य म्हणून नव्हे. त्याने पेपरातल्या सगळ्या विश्वासमर्यादा बदलणार आहेत आणि रिव्ह्यूअर २ ला द्यायची उत्तरं याच नव्या आकड्यांवर उभी राहतील. बरेच जण उत्तरं क्रमाने लिहीत जातात, शेवटी विश्लेषण पुन्हा चालवतात आणि मग उत्तरात एक आकडा, तक्त्यात दुसरा, सारांशात तिसराच राहून जातो. वादाच्या मुद्द्यावर आपलं म्हणणं मांडणाऱ्याच्या आकड्यांत अशी गफलत सापडली, की त्याचा युक्तिवाद कुणी वाचत नाही.

तुमची चूक नेमकी कुठे झाली ते दिसतंय. ५० टक्के प्रमाण आणि ६ टक्क्यांची चूकमर्यादा धरली की २६७ मुली लागतात. त्याला १.८ ने गुणलं की ४८०. म्हणजे एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असतात हे नमुना ठरवताना तुम्हाला ठाऊक होतं, आणि विश्लेषण करताना मात्र त्या ४८० जणी सुट्या-सुट्या निवडल्यासारख्या धरल्या. हे जसंच्या तसं कबूल करा. नवं विश्लेषण आर मध्ये असं होईल:

```r
library(sandwich); library(lmtest)
fit <- glm(anaemia ~ tea + deworm + age,
           family = poisson(link = "log"), data = d)
V <- vcovCL(fit, cluster = ~ school)
exp(coef(fit))
exp(coefci(fit, vcov. = V, df = 15))
```

anaemia हा स्तंभ ० आणि १ असाच हवा. तुमच्या मॉडेलमधले बाकीचे घटक age च्या पुढे जोडा. शेवटच्या ओळीतला 15 म्हणजे शाळांची संख्या वजा एक. गट जेमतेम १६ असले की ही पद्धत त्रुटी थोडी कमीच मोजते. म्हणून १.९६ ऐवजी टी वितरणाचा २.१३ हा गुणक वापरायचा. रिव्ह्यूअर १ हा जाणकार दिसतो, त्यामुळे हे वाक्य पद्धतींच्या भागात आणि उत्तरात दोन्हीकडे घाला, नाहीतर दुसऱ्या फेरीत तो हेच विचारेल. समजा, चहासाठीचा आकडा १.५० (१.२५ ते १.८०) वरून १.५० (१.१९ ते १.८९) झाला. उत्तर चार ओळींत संपतं:

> «रिव्ह्यूअरांचं म्हणणं बरोबर आहे, हे लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. नमुन्याचा आकार ठरवताना आम्ही शाळानिहाय गटांचा विचार केला होता, पण विश्लेषणात तो सुटला होता. आता सर्व मॉडेल्स शाळा हा गट धरून पुन्हा चालवली आहेत (पान ७, ओळी १४२–१४९). चहाबाबतची विश्वासमर्यादा १.२५–१.८० ऐवजी १.१९–१.८९ झाली आहे. निष्कर्षाची दिशा बदललेली नाही. तक्ता २, तक्ता ३ आणि सारांश त्यानुसार दुरुस्त केले आहेत.»

जुना आणि नवा आकडा शेजारी-शेजारी दिलाय तो मुद्दाम. काय बदललं हे संपादकाला फाइल न उघडता कळलं पाहिजे. एक मुद्दा असा मोकळेपणाने मान्य केलेला दिसला की पुढच्या नकारांना वजन येतं. गाईड सरांना हेच सांगून बघा: सगळं मान्य करणारं उत्तरही संशयास्पदच दिसतं.

(हे मसुदे मराठीत देतोय. इंग्रजीत उतरवताना वाक्यं इतकीच छोटी ठेवा.)

आता खरा वाद, ऑड्स रेशोचा. इथे तुमची निवड योग्य आहे आणि ती सोडू नये. तुमच्याच आकड्यांत बघा. चहा घेणाऱ्यांत ६० टक्के, न घेणाऱ्यांत ४० टक्के. प्रमाणांचं गुणोत्तर १.५. ऑड्स काढले तर एकीकडे १२६ ला ८४, दुसरीकडे १०८ ला १६२, आणि त्यांचं गुणोत्तर २.२५. दोन्ही आकडे गणिताने बरोबरच आहेत. पण वाचक २.२५ पाहून ‘सव्वादोन पट रक्तक्षय’ असंच वाचतो, आणि ते खोटं आहे. आजार विरळ असेल, साधारण १० टक्क्यांच्या आत, तर दोन्ही गुणोत्तरं जवळजवळ सारखी येतात, म्हणून ऑड्स रेशोची सवय खपून जाते. तुमच्याकडे निम्म्या मुलींना रक्तक्षय आहे. शिवाय ऑड्स रेशो घालायचा तर चर्चेतली ‘दीडपट’ म्हणणारी सगळी वाक्यं बदलावी लागतील आणि ती एकतर चुकीची होतील किंवा कुणाला कळणार नाहीत.

तरीही रिव्ह्यूअरच्या मागणीमागे एक खरी अडचण असू शकते. त्याला तुमचा आकडा इतर अभ्यासांशी ताडून बघायचा असेल, आणि ते अभ्यास ऑड्स रेशोत असतील. ती गरज भागवता येते आणि मुख्य तक्ताही वाचतो. दुसरी शक्यता अशी की ‘पॉइसाँ’ हा शब्द वाचून तो बिचकला असेल, कारण ती पद्धत मुळात मोजणीच्या आकड्यांसाठी आहे. हो-नाही उत्तरावर ती साधी चालवली तर त्रुटी फुगते. तुमच्या आकड्यांवर, शाळा बाजूला ठेवून, १.२५–१.८० ऐवजी १.१६–१.९४ अशी मर्यादा येते. ‘रोबस्ट’ त्रुटी घेतली की ती जागेवर येते. हा उपाय झोऊ यांनी २००४ मध्ये मांडला आणि साथरोगशास्त्रात तो आता रुळलाय. तुमच्या पद्धतींच्या भागात फक्त ‘पॉइसाँ रिग्रेशन वापरलं’ एवढंच लिहिलं असेल तर हरकत घेणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. अशा वेळी ‘रिव्ह्यूअरांचा गैरसमज झाला आहे’ हे वाक्य कधीच लिहू नये. वाचणारा अडखळला तर लिहिणाऱ्याने रस्ता नीट केला नव्हता असं धरून चालायचं, आणि तिथला मजकूर बदलायचा.

> «परिणामाचं माप कोणतं असावं हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुख्य विश्लेषणात आम्ही प्रिव्हॅलन्स रेशोच ठेवला आहे, त्याचं कारण असं: या नमुन्यात रक्तक्षयाचं प्रमाण ४८.८ टक्के आहे. अशा स्थितीत ऑड्स रेशो (२.२५) हा प्रमाणांच्या गुणोत्तराहून (६० विरुद्ध ४० टक्के, म्हणजे १.५) बराच मोठा येतो आणि तो ‘पट’ म्हणून वाचला जाण्याचा धोका राहतो. मात्र आमच्या मूळ मजकुरात रोबस्ट त्रुटीचा उल्लेख स्पष्ट नव्हता. तो आता केला आहे (पान ७, ओळी १३६–१४१). इतर अभ्यासांशी तुलना करता यावी म्हणून सर्व घटकांचे ऑड्स रेशो पूरक तक्ता एस२ मध्ये दिले आहेत. दोन्ही मापांत संबंधांची दिशा सारखीच आहे.»

या मसुद्यात ‘ठेवला आहे’ हे दुसऱ्याच वाक्यात आलंय. नकार पानभर प्रस्तावनेखाली पुरला तर तो सौम्य वाटत नाही, लपवाछपवी वाटते. आणि कारण देताना ‘अमुक तज्ज्ञ असं म्हणतात’ यापेक्षा स्वतःच्या तक्त्यातले दोन आकडे जास्त पटतात. संदर्भ एखादाच, आधाराला. शेवटच्या वाक्याआधी मात्र एस२ मधला प्रत्येक घटक खरंच तपासा. एकाचीही दिशा वेगळी आली तर ते वाक्य काढा आणि तो घटक नावानिशी सांगा.

पोस्ट-हॉक पॉवरची मागणी ही वेगळ्या जातीची आहे. इथे मागितलेली गोष्टच निरुपयोगी आहे, पण मागण्यामागची शंका रास्त आहे. मिळालेल्या परिणामावरून काढलेली पॉवर म्हणजे पी-मूल्याचंच दुसरं रूप. पी बरोबर ०.०५ असेल तर ती जवळपास ५० टक्के येणार, पी वाढला की ती घटणार. नवी माहिती शून्य. होनिग आणि हाइसी यांनी २००१ मध्ये हे गणिताने दाखवलंय आणि या उत्तरात तेवढा एक संदर्भ पुरतो. समजा, तुमच्या दुरुस्त विश्लेषणात जंतनाशकाचा आकडा ०.९१ (०.७० ते १.१८) आला. पी ०.४५ च्या आसपास, म्हणजे ‘पॉवर’ साधारण १२ टक्के. तो आकडा पेपरात छापला तर पुढचा वाचक म्हणणार की अभ्यास कुचकामी होता. आणि तोच अभ्यास चहाबाबत व्यवस्थित निष्कर्ष देतोय.

रिव्ह्यूअरची शंका काय आहे? ‘संबंध नाही’ असं तुम्ही म्हणताय ते नमुना अपुरा असल्यामुळे तर नाही ना? याचं उत्तर विश्वासमर्यादेत आहे. ०.७० ते १.१८ म्हणजे या आकड्यांशी ३० टक्क्यांपर्यंतची घटही जुळते आणि १८ टक्क्यांपर्यंतची वाढही. ३० टक्के घट ही किरकोळ गोष्ट नव्हे. तेव्हा तुमच्या पेपरात ‘जंतनाशकाचा परिणाम नाही’ असं वाक्य असेल तर रिव्ह्यूअर मागणीत चुकलाय पण दुखणं त्याने बरोबर ओळखलंय. ते वाक्य तुम्हाला बदलावंच लागेल.

> «निष्कर्ष ‘संबंध नाही’ असा असताना नमुना पुरेसा होता का, ही शंका योग्य आहे. मिळालेल्या परिणामावरून काढलेली पॉवर पी-मूल्यापेक्षा वेगळी माहिती देत नाही (होनिग आणि हाइसी, २००१), म्हणून ती दिलेली नाही. त्याऐवजी दोन बदल केले आहेत. अभ्यासापूर्वीची नमुन्याची आकडेमोड सविस्तर दिली आहे (पान ५, ओळी ९८–१०४). चर्चेत ‘जंतनाशकाचा परिणाम नाही’ हे वाक्य काढून असं लिहिलं आहे: ‘जंतनाशक घेण्याचा रक्तक्षयाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. मात्र विश्वासमर्यादा (०.७०–१.१८) पाहता ३० टक्क्यांपर्यंतची घट नाकारता येत नाही’ (पान १२, ओळी २६१–२६४).»

आकडेमोड सविस्तर देताना एक पथ्य पाळा. तुमचा नमुना एकूण प्रमाण काढण्यासाठी ठरवला होता, जंतनाशकाचा परिणाम शोधण्यासाठी नव्हे. हे स्वतःहून लिहा. ती आकडेमोड या तुलनेसाठी केली होती असं भासवलं तर ते लगेच उघडं पडतं.

बोटाच्या रक्ताचा मुद्दा सर्वांत अवघड, कारण इथे अर्धं सत्य रिव्ह्यूअरच्या बाजूला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांचीच शिफारस आहे. भारतात तर हा वाद आकड्यांतच दिसतो. बोटाचं रक्त वापरणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय ५९ टक्के, आणि शिरेतलं रक्त वापरणाऱ्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (सीएनएनएस) १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के. वयोगट वेगळे आहेत, तरी एवढा फरक नुसत्या वयाचा मानणं कठीण. ‘राष्ट्रीय सर्वेक्षणानेही बोटाचंच रक्त घेतलं’ हा बचाव म्हणूनच तोकडा आहे. त्याने तुमचे आकडे त्या सर्वेक्षणाशी तुलनीय ठरतात, अचूक ठरत नाहीत.

टिकेल असा बचाव करायचा तर चुकीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिली एकतर्फी चूक: बोट दाबून थेंब काढला की पेशींच्या मधल्या जागेतला द्रव मिसळतो, रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. याने एकूण प्रमाण सरळ वाढतं. ती टाळायला काय केलं हे सांगायचं: मधलं किंवा अनामिका बोट, पहिले थेंब पुसून टाकणं, न दाबता मोठा थेंब येऊ देणं, क्युवेट एका दमात भरणं, बाहेरून पुसणं, दहा मिनिटांच्या आत वाचन घेणं, रोज नियंत्रण द्रवाने यंत्र तपासणं. यातलं जे केलं तेवढंच लिहा. दुसरी दोन्ही बाजूंची चूक, म्हणजे एका थेंबाचं वाचन कधी वर कधी खाली. तुमच्याकडे प्रमाण ४८.८ टक्के आहे, म्हणजे मुलींचं मधलं हिमोग्लोबिन १२ च्या उंबरठ्यालाच टेकलेलं. अशा वेळी ही चूक जितक्यांना आत ढकलते जवळपास तितक्यांनाच बाहेर काढते, म्हणून एकूण प्रमाण फारसं हलत नाही. टोकं मात्र फुगतात, म्हणजे ८ च्या खालच्या तीव्र रक्तक्षयाचा आकडा नक्की फुगलेला असणार. आणि चहा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत ही चूक सारखीच असेल तर त्यांच्यातला फरक पुसट होतो, १.५ हा आकडा खऱ्याहून कमी असण्याचीच शक्यता जास्त. हा युक्तिवाद करायला एक अट आहे: रक्त घेणाऱ्याला कोण चहा घेते हे माहीत नसावं. प्रश्नावली आधी भरली असेल आणि त्याच माणसाने रक्त घेतलं असेल तर हा मुद्दा मांडूच नका.

म्हणजे इथे अर्धं सोडायचं आणि अर्धं राखायचं. चहाचा संबंध राखा. तीव्र रक्तक्षयाचं स्वतंत्र प्रमाण सारांशातून काढा, तक्त्यात ठेवलंत तर खाली टीप द्या. एकूण प्रमाण शीर्षकात असेल तर तिथूनही हलवा.

> «शिरेतल्या रक्ताला प्राधान्य असावं याच्याशी आम्ही सहमत आहोत. शाळेतच तपासणी करायची असल्याने बोटाचं रक्त घेतलं गेलं आणि ते आता बदलता येत नाही. रक्त घेण्याची पद्धत आणि यंत्राची तपासणी सविस्तर दिली आहे (पान ६, ओळी ११५–१२४). एका थेंबाच्या वाचनातील यादृच्छिक चूक दोन्ही गटांत सारखी असल्यास ती गटांमधला फरक कमी दाखवते, म्हणून चहाबाबतचा निष्कर्ष आम्ही ठेवला आहे. एकूण व तीव्र रक्तक्षयाच्या प्रमाणावर मात्र तिचा व रक्त पातळ होण्याचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे तीव्र रक्तक्षयाचा आकडा सारांशातून काढला आहे आणि मर्यादांमध्ये नवा परिच्छेद जोडला आहे (पान १३, ओळी २८८–२९७).»

‘ते आता बदलता येत नाही’ हे वाक्य सरळ लिहावं. ‘हे या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे’ म्हणून झटकून टाकलं तर संपादकाला ती पळवाट वाटते.

पाच लेखांचं काय? पाचही वाचा. विषयाशी जुळणारा एखादा निघाला तर तो घ्या आणि कुठे घेतला ते सांगा. बाकीच्यांबद्दल ‘वाचले, पण ते वेगळ्या वयोगटाचे किंवा वेगळ्या प्रश्नाचे असल्याने घेतले नाहीत’ इतकंच, एका ओळीत. पाचांत एकच लेखक पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्याची वाच्यता उत्तरात करू नका. फक्त संपादकालाच दिसणाऱ्या पत्रात दोन ओळी लिहा. स्वतःचे संदर्भ वाढवायला सुचवू नये हे प्रकाशन-नीतिमत्तेच्या ‘कोप’ समितीच्या रिव्ह्यूअरांसाठीच्या सूचनांत स्पष्ट आहे. संपादकाला ते माहीत असतं.

मांडणीत गडबड होते ती ओळींच्या क्रमांकांत. ट्रॅक चेंजेस चालू असलेल्या फाइलमध्ये खोडलेल्या ओळीही दिसतात, त्यामुळे स्वच्छ फाइलमधली ओळ १४२ तिथे १७० वगैरे होते. क्रमांक कुठल्या फाइलचे आहेत हे उत्तराच्या पहिल्याच ओळीत सांगा. सगळे बदल संपल्यावर, पीडीएफ करून, मगच ते भरा. तोवर जागा पिवळ्या ठेवा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा चिकटवा, त्यातली टायपिंगची चूकसुद्धा तशीच. लांब शेऱ्यात तीन मागण्या असतील तर २.३अ, २.३आ असे तुकडे करा, नाहीतर त्यातली एक विसरली जाते आणि रिव्ह्यूअर नेमकी तीच धरून बसतो. आभार प्रत्येक मुद्द्याला मानू नका. सुरुवातीला एकदा, आणि जिथे शेऱ्याने पेपर खरंच सुधारला तिथे, म्हणजे तुमच्या बाबतीत रिव्ह्यूअर १ ला.

आणि वादाचे तीन मुद्दे, म्हणजे ऑड्स रेशो, पॉवर आणि बोटाचं रक्त, संपादकाच्या पत्रात तीन वाक्यांत आधीच सांगून टाका: कशात आम्ही मूळ निवड ठेवली, का, आणि त्याबदल्यात काय जोडलं. निर्णय तोच घेणार आहे, आणि बऱ्याचदा घाईत.